साठ मिनिटं, दोन बर्नर: कॉमी कुकच्या ट्रायलला जाताना

हॉटेलात कुकच्या जागेसाठी बोलावलं की मुलाखत टेबलावर फार वेळ चालत नाही. कुठून आलात, आधी कुठे काम केलं, काय काय येतं, एवढं विचारून शेफ उठतात आणि म्हणतात, "चला, आत." खरी मुलाखत आत असते, तिला ट्रायल म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरचं हॉटेल असो, नांदेडला यात्रेकरूंची गर्दी सांभाळणारं रेस्टॉरंट असो नाहीतर लातूरला शिकवणीच्या पोरांची मोठी मेस असो, पद्धत थोड्याफार फरकाने हीच.

हा लेख कॉमीच्या, म्हणजे किचनमधल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या जागेसाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. आयटीआयचा फूड प्रोडक्शनचा कोर्स केलेली मुलं-मुली यात आली, आणि लग्नाच्या आचाऱ्याच्या हाताखाली चार-पाच सीझन काढलेलेही आले. या दुसऱ्यांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. मराठवाड्यात अशी पोरं पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात काम असतं, तरी ट्रायलला तीच जास्त अडकतात. पाचशे माणसांची भाजी ज्याने डोळे झाकून केली आहे त्याला दोन प्लेट डाळ करायला सांगितली की मीठ चुकतं आणि पाणी आटून जातं. छोट्या कढईत पाण्याच्या मानाने तोंड मोठं असतं, त्यामुळे वाफ लवकर निघून जाते. मूठभर, पळीभर हे अंदाज तिथे चालत नाहीत. म्हणून घरी तालीम करताना दोन माणसांचंच करा, तेही वजन करून.

जाण्याआधी

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. ओळखपत्र, फोटो, आधीच्या कामाचं काही लिहून दिलेलं असेल तर ते, आणि डॉक्टरांकडून घेतलेला मेडिकल फिटनेसचा दाखला. अन्नाला हात लावणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम आहे, आणि बरीच हॉटेलं टायफॉइडची लसही विचारतात. एफएसएसएआयचं फॉस्टॅक नावाचं स्वच्छतेचं प्रशिक्षण असतं. ते झालं असेल तर प्रमाणपत्र घेऊन जा. नसेल तर तसं सरळ सांगा, त्यावरून कुणी परत पाठवत नाही.

अंगावर काय असावं याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण शेफची पहिली नजर हाताकडे जाते. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही. आपल्याकडे मनगटावर लाल-काळे दोरे असतात, तुळजापूरहून किंवा दर्ग्यातून आणलेले. ते भिजतात, त्यात कणीक आणि मसाला अडकतो, आणि कितीही हात धुतले तरी दोरा धुतला जात नाही. आदल्या दिवशीच काढून घरी देवापाशी ठेवा. बांगड्यांचंही तसंच. मंगळसूत्र असेल तर कोटाच्या आत, गळ्याशी घट्ट. सरदारजी उमेदवारांनी कड्याबद्दल आधीच विचारून घ्यावं. काही किचन ग्लव्हच्या आत ठेवू देतात. बूट पुढून बंद आणि तळ न घसरणारा. चप्पल घालून आलेल्याला आत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उकळतं तेल पायावर सांडलेलं ज्याने एकदा पाहिलंय तो यावर वाद घालत नाही.

स्वतःचा चाकू न्यायचा असेल तर पात्याला पुठ्ठा गुंडाळून वर टेप लावा आणि पिशवीत तळाशी ठेवा. नसेल तर तिथला मिळतो, पण त्याची धार आधी टोमॅटोच्या सालीवर बघून घ्या. बोथट चाकू जास्त कापतो, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो सटकतो.

पहिली पाच मिनिटं: काही पेटवू नका

समजा, अंबाजोगाईकडचा एक मुलगा आहे. आचाऱ्याबरोबर काम केलेला. शेफने त्याला सांगितलं: दोन माणसांचं चिकन मसाला, दाल तडका, जीरा राईस आणि कचुंबर. वेळ एक तास. बर्नर दोन. सामान ट्रेमध्ये काढून ठेवलंय. हा प्रसंग शेवटपर्यंत धरून चालू, कारण ट्रायलचे मेनू बदलतात पण त्यातला पेच बहुतेक असाच असतो: एक कच्चं मांस, एक कच्चं सॅलड, एक वेळखाऊ पदार्थ आणि बर्नर एकाने कमी.

घाबरलेला माणूस लगेच गॅस पेटवतो. तुम्ही आधी हात धुवा, साबणाने, कोपरापर्यंत, निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यात आणि नखांखाली. हात पुसायला कागद असेल तर कागद. खांद्यावरच्या फडक्याला पुसाल तर धुतलेलं फुकट गेलं. नळ चालू ठेवून साबण लावू नका. मार्चनंतर इथली कितीतरी किचन टँकरवर चालतात, आणि वाहता नळ शेफच्या लगेच डोळ्यात येतो.

मग सामान तपासा. चिकनचा वास घ्या, दाबून बघा. बुळबुळीत किंवा आंबूस वाटलं तर तेव्हाच सांगा. काही शेफ मुद्दाम एखादा नरम टोमॅटो किंवा तारीख उलटलेलं पाकीट ट्रेमध्ये ठेवतात. मग विचारा: कुठला चॉपिंग बोर्ड कशाला? साधारणपणे लाल बोर्ड कच्च्या मांसाला, हिरवा भाजीला आणि निळा मासळीला असतो, पण पिवळा, तपकिरी, पांढरा यांचे नियम किचनप्रमाणे बदलतात. म्हणून "मला माहीत आहे" म्हणण्यापेक्षा विचारलेलं चांगलं. चवीचंही विचारून घ्या: "शेफ, तिखट किती? काळा मसाला वापरू का?" आपल्या हाताला काळ्या मसाल्याची सवय असते, येसराचीही. हॉटेलातल्या पाहुण्यांना चिकन मसाला लालसर आणि मऊ चवीचा हवा असू शकतो. अर्धा चमचा काळा मसाला जास्त पडला तर रंग काळवंडतो, आणि नंतर काही करता येत नाही.

मग घड्याळ उलटं लावा

ताट साठाव्या मिनिटाला द्यायचंय. तिथून मागे यायचं. सगळ्यात जास्त वेळ कशाला? डाळ शिजायला असं बहुतेक जण म्हणतात. डाळ कुकरमध्ये आपली आपण शिजते, तिच्याजवळ उभं राहावं लागत नाही. खरा वेळ जातो कांद्यात. दीडशे ग्रॅम बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर नीट तांबूस व्हायला बारा ते पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यानंतर टोमॅटो, मग चिकन वीस मिनिटं. म्हणजे कांदा पंधराव्या मिनिटाच्या आत कढईत पडला पाहिजे. हे एक पक्कं केलं की बाकीचं त्याच्या भोवती बसवता येतं.

तर पाचव्या मिनिटाला शंभर ग्रॅम तूरडाळ धुवा आणि एकशे वीस ग्रॅम बासमती धुऊन भिजत घाला. लातूरच्या गिरण्यांतली डाळ बहुतेक लवकर शिजते, तरी तिला पाच मिनिटं पाण्यात राहू द्या. दहाव्या मिनिटाला डाळ, साडेतीनशे मिली पाणी, हळद आणि तेलाचा एक थेंब कुकरमध्ये, एका बर्नरवर. तेल फेस वर येऊ देत नाही, शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. कांदा, लसूण, आलं यातलं काहीही या डाळीत आत्ता घालू नका. का ते पुढे कळेल.

आता हिरव्या बोर्डवर कांदा. मुळाकडचा भाग शेवटपर्यंत जोडलेला ठेवा म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. डाव्या हाताची बोटं आत वळवून, पातं बोटांच्या सांध्याला लागून चालवायचं. शेफ वेग बघतात असं वाटतं, पण ते तुकडे बघतात. एकसारखा नसलेला कांदा कढईत पडला की बारीक तुकडे जळतात तेव्हा मोठे अजून पांढरेच असतात.

पंधराव्या मिनिटाला दुसऱ्या बर्नरवर कढई, तीन टेबलस्पून तेल, कांदा आणि चिमूटभर मीठ. मिठाने कांद्याचं पाणी सुटतं आणि तो लवकर मऊ होतो. आच मध्यम. इथे घाई करणारा हमखास सापडतो: कडा काळ्या, मध्ये कच्चा. एकदा का काळे कण दिसले आणि जळका वास आला की त्यावर टोमॅटो घालून लपवता येत नाही, कडवटपणा रश्श्यात उतरतो. अशा वेळी तो कांदा टाकून द्या, शेफला सांगा, "कांदा लागला, नवा घेतोय, पाच-सात मिनिटं जास्त लागतील." वेळ गेल्याचे गुण जातील, पण कडू रस्सा वाढला तर सगळेच जातात. आणि विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला लक्षात आलं तर सावरायला जागा असते.

कांदा परततोय तोवर दर मिनिटाला हलवत राहा आणि मधल्या वेळात बाकीची कापणी उरका. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कचुंबराची काकडी, टोमॅटो, कांदा. त्यांना झाकून फ्रिजमध्ये ठेवा, मीठ-लिंबू न घालता, नाहीतर वाढेपर्यंत त्यातून पाणी सुटेल. मग ग्रेव्हीचा टोमॅटो, कोथिंबीर, तडक्याचा लसूण आणि मिरची. सगळ्यात शेवटी चिकन, लाल बोर्डवर. कच्चं खायचं ते आधी, कच्चं मांस शेवटी. एकच बोर्ड, एकच चाकू असला तरी या क्रमाने काम केलं तर चिकनचं पाणी काकडीला लागायची भीती राहत नाही. उलटं केलं तर मात्र मध्ये बोर्ड, चाकू, ओटा, हात सगळं साबणाने धुऊन सॅनिटाइज करावं लागतं, आणि ट्रायलच्या धांदलीत ते राहून जातं.

चिकन धुवायचं की नाही हे त्या किचनच्या रीतीप्रमाणे करा. धुवायचं असेल तर मांसाच्याच सिंकमध्ये, बारीक धारेखाली, शिंतोडे न उडवता. चिकनला हात लावलेल्या हाताने मिठाचा डबा उघडू नका. हा अगदी साधा मुद्दा आहे, आणि माझ्या पाहण्यात चांगला स्वयंपाक करणारेही इथेच पकडले जातात. उजव्या हाताने चिकन ढवळतात आणि त्याच हाताने तिखटाच्या डब्यातला चमचा धरतात. म्हणून मीठ, हळद, तिखट, धणेपूड चिकन हातात घ्यायच्या आधीच वाटीत काढून ठेवा.

पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास कुकर बंद. शिट्टी उचलून वाफ काढायची घाई नको, तो आपला आपण बसू द्या. झाकण सहज फिरत नसेल तर आत दाब आहे असं समजा.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला कांदा तांबूस झाला की आलं-लसूण पेस्ट, कच्चा वास जाईपर्यंत. मग कोरडे मसाले, आणि त्याबरोबर दोन चमचे पाणी, म्हणजे तिखट जळत नाही. लगेच शंभर ग्रॅम टोमॅटो. कडेने तेल सुटलेलं दिसलं की, साधारण पस्तिसाव्या मिनिटाला, अडीचशे ग्रॅम चिकन. तीन मिनिटं परतून दीडशे मिली गरम पाणी, एक सपाट छोटा चमचा मीठ, झाकण, आच कमी. कांद्यात घातलेलं चिमूटभर मीठ हिशोबात धरा.

कुकरचा बर्नर मोकळा झालेला आहे, तिथे अडतिसाव्या मिनिटाला भात: तुपात जिरं, भिजून निथळलेला तांदूळ, दीडपट पाणी, मीठ. उकळी आली की आच बारीक, सगळं मिळून बारा मिनिटं. पन्नासाव्या मिनिटाला उतरवून झाकलेलाच राहू द्या. भात मुरतोय तेव्हा त्याचा बर्नर रिकामा आहे, तिथे चोपन्नाव्या मिनिटाला डाळीचा तडका. अशा रीतीने दोन बर्नरवर चार पदार्थ बसतात आणि तिसऱ्या बर्नरची मागणी करावी लागत नाही.

हे वेळापत्रक कागदावर लिहून खिशात नेलं तरी कुणी हरकत घेत नाही. मी तर म्हणेन लिहूनच न्या. उमेदवाराने सुरुवातीला दोन मिनिटं घेऊन कागदावर क्रम मांडला तर मला तो आवडतो.

मधल्या वेळात हात काय करतात

शेफ तुमच्या मागून फिरत असतात. चव ते शेवटी घेतील, पण तोवर ओट्यावरून त्यांचं अर्धं मत झालेलं असतं. कांद्याची सालं बोर्डाच्या कडेला साचलेली आहेत का? कचऱ्याचा डबा झाकलेला आहे का? एकाच फडक्याने कढईचा कान धरला, चाकू पुसला आणि कपाळाचा घामही पुसला का? मे महिन्यात इथे बाहेरच चाळीस-बेचाळीस असतं, किचनमध्ये घाम येणारच. डोक्याला टोपी आणि पट्टी लावा, घाम बाहीच्या वरच्या भागाने टिपा आणि चेहऱ्याला हात लागला की हात धुवा. पाणी प्यायचं असेल तर ओट्यापासून बाजूला जाऊन प्या.

चव बघायची एक रीत असते. पळीतून वाटीत थोडं काढायचं, दुसऱ्या चमच्याने चाखायचं, तो चमचा सिंकमध्ये टाकायचा. तळहातावर थेंब घेऊन चाटणं लग्नाच्या चुलीवर चालून जातं, इथे नाही. तसंच न चाखता वाढलेली प्लेट कुठलाही शेफ ओळखतो. "मीठ बघितलं का?" असं विचारल्यावर तुमच्या बाजूला वापरलेला चमचा दिसायला हवा.

मीठ जास्तच पडलं तर? डाळीत बटाटा टाकून मीठ ओढून घेतो असं सगळे म्हणतात. बटाटा खारं पाणी शोषतो, त्याबरोबर पाणीही जातं, उरलेल्या डाळीचा खारटपणा तेवढाच राहतो. उपाय एकच, बिनमिठाची डाळ किंवा गरम पाणी वाढवणं आणि तडका पुन्हा देणं. म्हणून कुकरमधली डाळ बिनमिठाची ठेवलेली बरी.

चिकन शिजलंय का हे रंगावरून ठरवू नका, हळद-तिखटात रंग कळत नाही. किचनमध्ये प्रोब थर्मामीटर असेल तर मागून घ्या, सॅनिटायझरने पुसा, सगळ्यात जाड तुकड्यात हाडाला न टेकवता घाला. आत पंचाहत्तर अंश दिसले की झालं. थर्मामीटर नसेल तर जाड तुकडा हाडाजवळ कापून बघा: रस स्वच्छ यायला हवा, आत गुलाबी चिकटपणा नको.

बोट कापलं तर लपवू नका. चाकू खाली ठेवा, शेफला सांगा, जखम धुवा, पट्टी लावा आणि वर ग्लव्ह. किचनमधली पट्टी निळी असते, कारण निळ्या रंगाचं खाणं जवळजवळ नसतंच, अन्नात पडली तर लगेच दिसते. त्या वेळी बोर्डवर जे होतं ते टाकून द्या आणि बोर्ड धुवा. रक्त लागलेला कांदा गुपचूप कढईत लोटणारा उमेदवार मी एकदाच पाहिला, आणि त्याची ट्रायल तिथेच थांबली.

चाळिसाव्या मिनिटाला शेफ मुद्दाम त्रास देतात

ही शेफची खोड नसते, ते चाचणी घेत असतात. चिकन मंद आचेवर आहे, भात चढलाय, आता जरा श्वास घ्यावा असं वाटतं तेवढ्यात आवाज येतो: "टेबल सहाला एक दाल तडका, जैन. आणि समज, तुझं चारचं चिकन परत आलंय, मीठ जास्त म्हणतायत. किती वेळ?"

नवखा माणूस इथे दोन चुका करतो. एक तर "हो शेफ, दोन मिनिटं" म्हणतो, जे शक्य नसतं. नाहीतर हातातलं सोडून तिकडे पळतो आणि भात खाली लागतो. आधी ऑर्डर मोठ्याने परत म्हणा: "एक दाल जैन, टेबल सहा. एक चिकन परत, टेबल चार." परत म्हणताना चुकीचं ऐकलेलं लगेच दुरुस्त होतं आणि डोक्याला विचार करायला तीन-चार सेकंद मिळतात. मग चाकू खाली ठेवा आणि बोर्ड पुसून घ्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण पसारा डोळ्यासमोर असला की डोक्यातही गोंधळ होतो. बोर्ड मोकळा झाला की पुढचं काम कुठलं ते दिसतं. अनुभवी लोक गर्दीत हे नकळत करत असतात, नीट बघा.

आता हिशोब. जैन दाल म्हणजे कांदा, लसूण, आलं, बटाटा काही नाही. तुमची डाळ अजून साधीच आहे, फक्त हळद आणि पाणी. म्हणून म्हटलं होतं की कुकरमध्ये काही घालू नका. त्यातली एक वाटी बाजूला काढायची, धुतलेलं पातेलं, धुतलेली पळी, तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, टोमॅटो. ज्या कढईत कांदा परतला त्यात नाही, आणि लसणाच्या वाटीतला चमचाही नाही. काम चार मिनिटांचं आहे, पण दोन्ही बर्नर अडकलेत. भात मध्येच उतरवला तर बिघडेल. चिकन चार मिनिटं बाजूला ठेवलं तर त्याचं काही बिघडणार नाही, फक्त तेवढं उशिरा होईल. हे सगळं शेफला एका वाक्यात सांगता येतं: "शेफ, चिकन बाजूला घेऊन जैन दाल पाच मिनिटांत देतो, पण माझं ताट चार मिनिटं उशिरा जाईल. चालेल का?" बहुतेक शेफ म्हणतात, दे. काही म्हणतात, नको, भात उतरल्यावर कर. दोन्ही उत्तरं चालतात. त्यांना ऐकायचं होतं ते तुमच्या प्रश्नात आलेलं असतं. एक लक्षात ठेवा, ती वाटी काढली की तुमच्या ताटातली डाळ कमी होते. म्हणून शंभरऐवजी दीडशे ग्रॅम डाळ मिळत असेल तर सुरुवातीला तेवढी लावा आणि पाणीही त्या मानाने वाढवा.

परत आलेल्या चिकनबद्दल वाद नको. "मी तर बरोबर टाकलं होतं" हे वाक्य तोंडातून निघालं की संपलं. पाहुण्याच्या उष्ट्या प्लेटमधून चाखू नका, कढईत उरलेल्यातून वेगळ्या चमच्याने चाखा. ती प्लेट परत कढईत ओतायची नाही, हे सांगायला नको.

गर्दीत बोलणं कमी आणि मोठ्याने हवं. कुणाच्या मागून जाताना "पीछे", गरम पातेलं हातात असेल तर "गरम, गरम". संभाजीनगरच्या किचनमध्ये मराठी, हिंदी, दख्खनी, बंगाली, नेपाळी सगळं एकत्र ऐकू येतं, पण हे दोन शब्द सगळ्यांना कळतात. तंदूरवाले उस्ताद आणि भांडी धुणाऱ्या मावशी यांच्याशी तुम्ही कसं बोलता तेही शेफच्या कानावर असतं. पळू नका. ओल्या फरशीवर पळणारा माणूस स्वतः पडतो आणि दुसऱ्यालाही भाजतो.

वाढणं, आणि त्यानंतरचे प्रश्न

शेवटच्या पाच मिनिटांत गरम पदार्थाला गरम प्लेट, सॅलडला गार. कचुंबरात मीठ-लिंबू आता. तडका वाढण्याच्या अगदी आधी, लसूण सोनेरी झाला की तुपाची आच बंद करून मग तिखट, नाहीतर तिखट काळं पडतं. प्लेटची कड स्वच्छ कागदाने पुसा. सजावटीला कोथिंबीर पुरे. टोमॅटोचे गुलाब करण्यात वेळ घालवू नका.

शेफ चाखतील, आणि चाखता चाखता विचारतील. "रात्री पाच किलो भात उरला. काय करशील?" हा आवडता प्रश्न आहे, आणि "फ्रिजमध्ये ठेवीन" हे अर्धंच उत्तर. तांदळात एक जिवाणू असतो, बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू उकळल्यावरही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पातेल्यात खच्चून भरलेला भात फ्रिजमध्ये ठेवला तरी मधला गोळा सकाळपर्यंत कोमट राहतो. म्हणून उथळ ट्रेमध्ये पसरायचा, साठ अंशांवरून एकवीसपर्यंत दोन तासांत आणि तिथून पाचपर्यंत पुढच्या चार तासांत आणायचा, झाकून तारीख-वेळेची चिठ्ठी लावायची. पाच ते साठ अंश हा धोक्याचा पट्टा. अन्न त्याच्या खाली किंवा वर ठेवायचं, मध्ये रेंगाळू द्यायचं नाही. उत्तर असं दिलं की शेफ पुढचा प्रश्न सहसा विचारत नाहीत.

विचारलाच तर तो तेलाचा किंवा आजारपणाचा असतो. तळणाचं तेल किती वेळा वापरायचं याला आकडा नाही. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात पोलर संयुगं नावाचे खराब घटक साचतात, ते पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरता येत नाही, हा नियम २०१८ च्या जुलैपासून आहे. मोजायचं यंत्र नसेल तिथे काळपटपणा, चिकट फेस आणि लवकर येणारा धूर बघतात. आणि जुलाब, उलटी, ताप असेल तर कामावर येऊन लपवायचं नाही, फोन करून सांगायचं. "गोळी घेऊन येतो" हे उत्तर निष्ठेचं वाटतं, पण कुठल्याही चांगल्या शेफला ते नको असतं.

चाखणं झालं म्हणजे ट्रायल संपली असं समजून ॲप्रन सोडू नका. ओटा, बर्नर, सिंक, बोर्ड धुऊन जागच्या जागी ठेवा, उरलेलं कच्चं सामान झाकून, चिठ्ठी लावून परत करा. शेफ केबिनमध्ये गेले तरी करा, कारण सू शेफ, म्हणजे शेफच्या हाताखालचा पहिला माणूस, तिथेच असतो आणि तोच शेफला सांगतो.

मग बोलणी. ड्युटी किती तासांची, ब्रेक शिफ्ट आहे का (सकाळी चार-पाच तास, दुपारी सुटी, परत संध्याकाळी), आठवडी सुटी कुठल्या वारी, जेवण आणि राहणं हॉटेलचं की तुमचं, पीएफ कापतात का, हे तेव्हाच विचारा. वाळूज किंवा शेंद्र्यातून रात्री साडेअकराला सुटून शहरात परतायचं असेल तर गाडीची सोय विचारायला लाजू नका. काही ठिकाणी ट्रायलनंतर "तीन दिवस येऊन बघ" म्हणतात. त्या तीन दिवसांचे पैसे मिळणार का, आणि किती, हे जाण्याआधीच स्पष्ट करून घ्या, जमल्यास मेसेजवर.